आकृतीत नसलेली दोन वर्षं

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात एक आकृती हमखास असते. ओळीने काही परीक्षानळ्या आणि प्रत्येकीत एक किंवा दोन आडवे पट्टे. पहिल्या नळीत पट्टा तळाकडे, दुसरीत मधोमध, तिसरीत एक मध्ये आणि एक वर. खाली दोन नावं: मेसेल्सन आणि स्टाल, 1958. डीएनएची नक्कल कशी होते हे या दोघांनी दाखवून दिलं, असं वाचून मुलं पुढच्या पानावर जातात. परीक्षेत हा प्रश्न चार-पाच गुणांना येतो आणि पट्टे जागच्या जागी काढले की गुण मिळतात.

आकृती चुकीची नाही, फक्त तिच्यात या दोन मित्रांची आधीची दोन वर्षं नाहीत. त्या काळात ते वेगळाच प्रयोग करत होते, वेगळ्या जिवावर, वेगळ्या रसायनाने. तो काही केल्या जमला नाही. पुस्तकातला प्रयोग त्यातून निघाला.

मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांची ओळख 1954 च्या उन्हाळ्यात झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल नावाचं गाव आहे. तिथल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात देशभरातले जीवशास्त्रज्ञ गोळा होतात, शिकतात, शिकवतात आणि उरलेल्या वेळात वाद घालतात. मॅट तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत लायनस पॉलिंग यांच्या हाताखाली पीएचडी करत होता आणि वुड्स होलला जेम्स वॉटसनचा मदतनीस म्हणून आला होता. फ्रँक त्याच्याहून काही महिन्यांनी मोठा. जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे फाजच्या आनुवंशिकतेवर त्याचं काम चाललं होतं. मॅटने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका झाडाखाली बसून लोकांना जिन अँड टॉनिक देत होता. गप्पा सुरू झाल्या. फ्रँकने फाजचं एक अडलेलं गणित सांगितलं, ते मॅटने सोडवलं. मग मॅटने आपल्या डोक्यात घोळत असलेली एक कल्पना सांगितली. एकाला भौतिक रसायनशास्त्र येत होतं, दुसऱ्याला फाज आणि जीवाणू हाताळायची सवय होती. फ्रँक पुढच्या वर्षी कॅलटेकला यायचाच होता. तो आला की दोघांनी मिळून हे करायचं, असं ठरलं.

कल्पना काय होती ते समजण्यासाठी त्या वेळचा वाद आधी पाहावा लागेल.

1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली होती. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन साखळ्या, एकीवर जिथे ए तिथे समोर टी, जिथे जी तिथे समोर सी. एक साखळी ठाऊक असली की दुसरी आपोआप ठरते, त्यामुळे नक्कल कशी होत असेल याचा तर्कही त्यांनी लगेच केला. दोन्ही साखळ्या सुट्या व्हायच्या आणि प्रत्येकीवर नवी जोडीदार साखळी तयार व्हायची. म्हणजे पेशी विभागली की प्रत्येक लेकीकडे अर्धा जुना आणि अर्धा नवा डीएनए जाणार.

सगळ्यांना हे पटलं नव्हतं. मोठी शंका घेतली ती मॅक्स डेलब्रुक यांनी, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचा मुद्दा साधा होता. डीएनए पिळलेला असतो, दर दहा-एक अक्षरांना एक वेढा. असे हजारो वेढे असलेल्या दोन साखळ्या न तुटता, न गुंतता सुट्या होणार कशा? इवल्याशा पेशीत, जीवाणू दुप्पट होण्याच्या वेळात? त्यापेक्षा साखळ्या ठिकठिकाणी तुटत असतील, तुकड्यांची अदलाबदल होऊन पुन्हा जुळत असतील, म्हणजे उलगडायला नको, असं त्यांनी 1954 मध्ये मांडलं. तसं असेल तर प्रत्येक नव्या साखळीत जुन्या-नव्या तुकड्यांची सरमिसळ असणार. तिसरी शक्यताही होती: जुनी जोडी जशीच्या तशी राहते आणि शेजारी पूर्णपणे नवी जोडी तयार होते.

तिन्ही शक्यता कागदावर सारख्याच नीट दिसत होत्या. निर्णय लावायचा तर जुना डीएनए आणि नवा डीएनए वेगळे ओळखता यायला हवेत. रासायनिकदृष्ट्या दोघांत काहीच फरक नाही, अडचण होती ती इथेच.

मॅटची कल्पना वजनाची होती. नवा डीएनए तयार होताना त्यात नेहमीपेक्षा जड अणू घालायचे, म्हणजे जुना हलका आणि नवा जड होईल. मग दोघांच्या मधली घनता असलेलं द्रावण घ्यायचं. हलका वर तरंगेल, जड खाली बसेल. कोकणातला भात पिकवणारा शेतकरी पेरणीआधी हेच करतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओततो. पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायचे, तळाशी बसलेले भरीव दाणे धुऊन पेरायचे. मॅटला डीएनएच्या बाबतीत एवढंच हवं होतं. फक्त डीएनएचा रेणू इतका लहान असतो की तो आपसूक वर येत नाही की खाली बसत नाही, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटतो. त्याला ओढून न्यायला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर लागतो, आणि तो जोर अल्ट्रासेंट्रीफ्यूज नावाचं अतिवेगाने फिरणारं यंत्र देतं. कॅलटेकला ते होतं.

पॉलिंग यांनी मात्र मॅटला आधी क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना शोधण्याचं हातातलं काम पुरं करायला सांगितलं. त्यामुळे दोघे 1955 च्या शरद ऋतूत एकत्र आले तरी काम हळूहळूच पुढे सरकलं.

जड करायचं ते कशाने? त्यांनी निवडलं ब्रोमोयुरॅसिल. डीएनएतलं टी अक्षर म्हणजे थायमिन. त्याच्या कडेला एक मिथाइल गट असतो, वजन पंधरा. त्याच्या जागी ब्रोमिनचा अणू बसवला की ब्रोमोयुरॅसिल होतं. ब्रोमिनचं वजन ऐंशी, पण आकार मिथाइल गटाच्या जवळपास, म्हणून जीवाणू फसतात आणि थायमिन समजून ते डीएनएत बसवतात. एकेका अक्षरामागे एवढी भर पडली तर डीएनएची घनता चांगलीच वाढणार. आणि जीव कोणता? फ्रँकच्या हातातला टी-फोर फाज. हा विषाणू जीवाणूत शिरतो आणि अर्ध्या तासाच्या आत आपल्या शंभराहून जास्त प्रती काढून जीवाणू फोडून बाहेर पडतो. एका डीएनएचे इतके डीएनए इतक्या लवकर होताना बघायला याहून सोयीचं काय असणार?

निवड अगदी तर्काला धरून होती. जड खूण ठळक, नक्कल जलद. तरी प्रयोग बसेना.

दोष दोन्ही निवडींत होता. फाज आत शिरल्यावर एकदाच नक्कल होऊन थांबत नाही. अर्ध्या तासात नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे अनेक फेरे एकाच पेशीत एकमेकांवर चढतात. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला फेरा कधी संपला आणि दुसरा कधी सुरू झाला हे कळायला मार्ग नसतो, सगळ्यांची गोळाबेरीज तेवढी हाती येते. शिवाय टी-फोरचे डीएनए आत असताना एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण फार करतात, त्यामुळे मूळ फाजचा डीएनए तुकड्या-तुकड्यांनी वारसांमध्ये विखुरला जातो. आता यातली मेख बघा. प्रश्नच असा होता की नक्कल होताना जुना डीएनए विखुरतो की अख्खी साखळी राहते. आणि निवडलेला जीव असा की तो नक्कल होण्याशी संबंध नसलेल्या कारणानेही डीएनए विखुरून टाकतो. प्रयोगात विखुरलेलं काही दिसलं असतं तरी ते डेलब्रुक यांचं म्हणणं खरं म्हणून दिसलं की फाजच्या सवयीमुळे, हे सांगता आलं नसतं.

ब्रोमोयुरॅसिलच्याही खोड्या होत्या. त्या अक्षराचा डीएनए प्रकाशाने चटकन खराब होतो. थायमिनची जागा ते कधी जास्त, कधी कमी घेतं, म्हणजे जड डीएनए सगळा सारखा जड होत नाही. त्याच सुमारास ते डीएनएत चुका, म्हणजे म्युटेशन, घडवतं असंही इतरांना आढळलं. नक्कल नीट कशी होते हे पाहण्यासाठी वापरलेली खूणच नक्कल बिघडवत असेल, तर तिच्यावर विश्वास किती ठेवायचा?

अशा वेळी बहुतेक जण तोच प्रयोग आणखी काळजीपूर्वक करत राहतात. या दोघांनीही काही काळ तेच केलं. पण या खटाटोपात त्यांच्या हाती एक अशी गोष्ट आली जी त्यांनी मागितली नव्हती.

डीएनएची घनता पाण्याच्या सुमारे 1.7 पट असते. साधं मीठ पाण्यात कितीही विरघळवलं तरी द्रावण 1.2 च्या पुढे जात नाही, म्हणून त्यात कोणताही डीएनए बुडणारच. त्यांना जड धातूचा क्षार हवा होता. तो मिळाला सिझियम क्लोराइडच्या रूपात. सिझियम सोडियमच्याच कुटुंबातला, पण अणू कितीतरी जड. त्याचं द्रावण हवं तसं 1.7 पर्यंत नेता येतं. यात जेरोम विनोग्राड या कॅलटेकमधल्या रसायनशास्त्रज्ञाची त्यांना मोठी मदत झाली.

ठरल्याप्रमाणे द्रावणाची घनता मधोमध ठेवायची होती, म्हणजे डीएनए एक तर तरंगेल किंवा बुडेल. प्रत्यक्षात तो मध्येच एका अरुंद पट्ट्यात गोळा होऊन थांबला. कारण लवकरच ध्यानात आलं. इतक्या वेगाने फिरवल्यावर सिझियमचे अणूसुद्धा थोडे बाहेरच्या बाजूला, म्हणजे नळीच्या तळाकडे ओढले जातात. सगळेच तळाला जात नाहीत, कारण ते पुन्हा पसरायची धडपड करत असतात. ओढ आणि पसरणं यांचा तोल साधला की द्रावण वर किंचित हलकं आणि तळाकडे किंचित जड असं उतरतं होतं. डीएनए आपल्या घनतेच्या पातळीवर येऊन थांबतो. वर गेला तर बुडतो, खाली गेला तर तरंगतो.

शेतकऱ्याच्या टोपातलं मीठ सगळीकडे सारखं असतं, म्हणून तिथे दोनच निकाल लागतात. इथे नळीच घनतेची मोजपट्टी झाली होती. जड की हलका एवढंच नाही, तर किती जड, हेही पट्ट्याच्या जागेवरून वाचता येत होतं. डीएनए अतिनील किरण शोषतो, म्हणून यंत्र फिरत असतानाच त्या किरणांनी फोटो काढला की पट्टा काळा उमटतो. या पद्धतीवर मेसेल्सन, स्टाल आणि विनोग्राड यांनी 1957 मध्ये स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. नकलेचा प्रश्न सुटला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली.

आणि या पद्धतीमुळे प्रयोगाचा विषयच बदलता आला. ब्रोमिन मुळात निवडलं होतं ते वजनाच्या ठळक फरकासाठी. तरंगणं-बुडणं एवढंच पाहायचं असेल तर फरक मोठा लागतो. पण पट्टे इतके अरुंद पडत असतील तर फरक लहान असला तरी चालेल. मग डीएनएत परकं काही घालायचंच कशाला? डीएनएत नायट्रोजन भरपूर असतो. नेहमीच्या नायट्रोजनच्या अणूचं वजन 14, पण निसर्गात थोड्या प्रमाणात 15 वजनाचाही नायट्रोजन असतो. तो किरणोत्सारी नाही आणि रासायनिक वागणुकीत चौदाचा सख्खा भाऊच. जीवाणूला दोघांतला फरक कळत नाही, त्याचं काही बिघडतही नाही. सगळा नायट्रोजन पंधराचा केला तरी डीएनएची घनता वाढते ती 0.014 ने, म्हणजे शेकडा एक टक्काही नाही. दोन वर्षांपूर्वी हा पर्याय हाताला लागण्यासारखा नव्हता, आता तो पुरेसा होता.

जीवही बदलला. फाज सोडून त्यांनी साधा जीवाणू घेतला, ई. कोलाय. तो एकाचे दोन, दोनाचे चार होतो आणि किती पिढ्या झाल्या हे संख्या मोजून सांगता येतं. फाजमध्ये जे सगळ्यात अवघड होतं, पहिला फेरा कुठे संपला ते ओळखणं, ते इथे पेशी मोजण्याइतकं सोपं झालं.

1957 च्या शरद ऋतूत केलेला तो प्रयोग आता पायरीपायरीने बघू.

जीवाणू आधी अशा द्रवात वाढवले ज्यात नायट्रोजनचा एकमेव स्रोत म्हणजे जड नायट्रोजनचं अमोनियम क्लोराइड. चौदा पिढ्या. जुना हलका नायट्रोजन तोवर नगण्य होतो आणि सगळा डीएनए जड होतो. मग एका क्षणी त्याच भांड्यात साधं, हलकं अमोनियम क्लोराइड दहापट ओतलं. इथून पुढे जे काही नवं बनेल ते हलक्याचंच. ठराविक वेळाने थोडे थोडे जीवाणू काढून थंड केले, साबणासारख्या रसायनाने फोडले आणि तो रस शुद्ध वगैरे न करता थेट सिझियम क्लोराइडच्या द्रावणात मिसळून यंत्रात घातला. मिनिटाला 44,770 फेरे, वीस तास, मग फोटो.

आता तिन्ही शक्यतांची कसोटी. एक पिढी झाल्यावर काय दिसायला हवं? जुनी जोडी अखंड राहत असेल तर निम्मा डीएनए पूर्ण जड आणि निम्मा पूर्ण हलका, म्हणजे दोन पट्टे. दिसला एकच, दोन्हींच्या मधोमध. ती शक्यता संपली. पण वॉटसन-क्रिक आणि डेलब्रुक यांच्यातला निकाल अजून लागलेला नाही, हे घाईत सुटतं. अर्धी साखळी जुनी असो किंवा जुन्या-नव्या तुकड्यांची खिचडी असो, एका पिढीनंतर वजन अर्ध्यावरच येणार. फरक पडतो तो दुसऱ्या पिढीत. खिचडी होत असेल तर प्रत्येक रेणूत जडाचा वाटा पुन्हा निम्मा होईल आणि पुन्हा एकच पट्टा दिसेल, फक्त आणखी वर सरकलेला. साखळ्या अख्ख्या राहत असतील तर अर्ध्या जड साखळीला हलकी जोडीदार मिळून पुन्हा मधला रेणू बनेल आणि हलक्या साखळीला हलकी मिळून पूर्ण हलका. दोन पट्टे, सारख्या ठळकपणाचे, एक आपल्या जुन्या जागी मधोमध.

तसेच दिसले.

पट्टा खरंच मधोमध आहे की साधारण मध्ये, हे डोळ्यांनी ठरवण्यावर त्यांनी सोडलं नाही. सुरुवातीचा जड नमुना आणि जवळपास दोन पिढ्यांनंतरचा नमुना एकत्र करून एकाच नळीत फिरवला, म्हणजे जड, मधला आणि हलका तिन्ही एका फोटोत आले. मोजलं तर मधला पट्टा अंतराच्या 50 टक्क्यांवर होता, फरक दोन टक्क्यांचा इकडे-तिकडे. मला या लेखातलं सगळ्यात आवडतं पान हेच. निकाल दिसल्यावरही स्वतःला पकडून पाहायची ही सवय फाजच्या दोन वर्षांत लागली असावी, असा माझा अंदाज.

एका जागी नशिबानेही साथ दिली. ई. कोलायचा डीएनए एकच लांबलचक रेणू असतो. तो द्रावणात घालून नळीत भरताना शेकडो तुकड्यांत तुटतो, आणि त्यांच्या नळीत होते ते तुकडेच. अखंड रेणू असता तर अर्धवट नक्कल झालेले रेणू प्रत्येक मधल्या वजनाचे दिसले असते आणि पट्ट्यांऐवजी धूसर पट्टी उमटली असती. तुकडे लहान असल्यामुळे प्रत्येक तुकड्याची नक्कल एक तर झालेली होती किंवा नव्हती. अधलंमधलं जवळपास काहीच नाही. म्हणून तर पिढीच्या तिसऱ्या हिश्श्यावर घेतलेल्या नमुन्यातही दोन स्वच्छ पट्टे दिसतात, जड आणि मधला.

पुस्तकातल्या आकृतीबद्दल एक तक्रार इथे नोंदवतो. तिथे पिढीचा काळ वीस मिनिटांचा देतात आणि चाळीस, साठ, ऐंशी मिनिटांची गणितं घालतात. ऐंशी मिनिटांनी चार पिढ्या, सोळा रेणू, त्यांतले दोन मधले आणि चौदा हलके, हे गणित बरोबरच आहे. मूळ प्रयोगात मात्र एका पिढीला 0.81 तास, म्हणजे जवळजवळ पन्नास मिनिटं लागली होती. भरपूर खाद्य असलेल्या द्रवात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो हे खरं. पण इथे त्याला ग्लुकोज, काही क्षार आणि अमोनियम क्लोराइड एवढ्यावरच भागवायचं होतं, बाकी सगळं स्वतः तयार करायचं होतं. तसं नसतं तर खाद्यातून हलका नायट्रोजन आत गेला असता आणि खूण पुसट झाली असती. जीवाणूंचा संथपणा प्रयोगाच्या अटीतच होता.

8 नोव्हेंबर 1957 ला मॅटने वॉटसनला पत्राने निकाल कळवला. लेख लिहायला मात्र दिरंगाई होऊ लागली. अखेर डेलब्रुक त्यांना कॅलटेकच्या कोरोना डेल मार इथल्या समुद्रकाठच्या केंद्रावर घेऊन गेले आणि मसुदा होईपर्यंत तिथेच बसवून ठेवलं. त्यांचं स्वतःचं मत चूक ठरवणारा लेख 1958 च्या मे महिन्यात त्यांनीच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाकडे पाठवला. पुढे जॉन केर्न्सने या प्रयोगाला जीवशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रयोग म्हटलं आणि ते विशेषण त्याला कायमचं चिकटलं.

डेलब्रुक यांची शंका तरीही पोकळ नव्हती. ई. कोलायच्या डीएनएत चार लाखांहून जास्त वेढे असतात हे आज माहीत आहे आणि ते खरोखर उलगडावे लागतात. साखळी क्षणभर कापून, पीळ सोडवून पुन्हा जोडणारी विकरं पेशीत असतात. त्यांतलं पहिलं जेम्स वँग यांनी 1971 मध्ये शोधलं. साखळ्या तुटतात हा डेलब्रुक यांचा अंदाज बरोबर निघाला, फक्त तुकड्यांची अदलाबदल होत नाही. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी जीवाणूंच्या अशाच विकरांना अडकवते, आणि नक्कल करता न आल्याने जीवाणू मरतो.

मॅट आणि फ्रँक यांनी स्वतः लेखाच्या निष्कर्षांत साखळ्या हा शब्द टाळला. डीएनएचे दोन समान भाग असतात, ते पिढ्यानपिढ्या अखंड राहतात आणि प्रत्येक वारसाला एकेक मिळतो, एवढंच त्यांनी म्हटलं. हे भाग म्हणजेच वॉटसन-क्रिकच्या साखळ्या, असं सरळ म्हणायला पुरावा पुरेसा नाही, असं त्यांना वाटत होतं. मधला डीएनए शंभर अंशांवर अर्धा तास तापवला तर तो जड आणि हलका असा दोन पट्ट्यांत फुटतो, हे मात्र त्यांनी दाखवलं.

बाजूला टाकलेलं ब्रोमोयुरॅसिल वाया गेलं नाही. 1964 मध्ये फिलिप हॅनावॉल्ट आणि डेव्हिड पेटिजॉन यांनी अतिनील किरणांनी डीएनए खराब झालेल्या जीवाणूंना तेच ब्रोमोयुरॅसिल दिलं आणि त्याच सिझियम क्लोराइडच्या नळीत तपासलं. नव्याने बसवलेली अक्षरं जुन्या डीएनएत इतक्या छोट्या तुकड्यांनी विखुरलेली होती की पट्टा जागचा हललाच नाही. पेशी खराब भाग कापून तेवढाच नवा घालते, म्हणजे डीएनएची डागडुजी होते, याचा हा सुरुवातीचा पुरावा. याच रसायनाचं साखर जोडलेलं रूप पेशीविभाजन ओळखण्यासाठी जगभर वापरात आलं. कॅन्सरच्या काही रुग्णांना ते तपासणीसाठी दिलं गेलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावर प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही नव्या चेतापेशी तयार होतात असं 1998 मध्ये जाहीर झालं. त्या पेशींच्या डीएनएत ब्रोमिन सापडलं होतं.